फ्लेमिंगो बघायचेत? आधी तिथी बघा!

पक्षी बघायला जायचं म्हणजे पहाटेचा अलार्म लावायचा, एवढं आपल्याला माहीत असतं. पण भिवंडीहून ऐरोलीला, ठाणे खाडीतले फ्लेमिंगो बघायला निघालात, तर तिथलं घड्याळ भरती-ओहोटीचं असतं. ओहोटीला चिखल उघडा पडतो आणि पक्षी लांबवर पांगतात. सकाळी सहाला पोचूनही दिसणार काय, तर नुसती गुलाबी रेघ! भरतीचं पाणी चढू लागलं की चिखल आक्रसतो आणि तेच पक्षी काठाकडे सरकतात. म्हणून भरतीच्या दोन तास आधी पोचा.

भरती कधी, याचा हिशेब किनाऱ्यावरचे लोक तोंडी करतात. तिथीला पाऊणने गुणायचं. द्वादशी असेल तर बारा पाऊणे नऊ, म्हणजे साधारण नऊ वाजता पूर्ण भरती. मग सातला खाडीवर हजर राहायचं. जानेवारीत उजाडतंही तेव्हाच. चतुर्थीचा शनिवार धरलात तर भरती तीनला, म्हणजे पहाटे उठणं फुकट. खाडीत आतपर्यंत पाणी थोडं उशिरा पोचतं, त्यामुळे हा अंदाजच समजा आणि भरतीचं वेळापत्रक मोबाइलवर ताडून बघा. ऐरोलीच्या केंद्रातून सुटणाऱ्या बोटीही भरतीप्रमाणेच सुटतात, तेव्हा आधी वेळ विचारून बुकिंग करा.

महिना कोणता? फ्लेमिंगो मे महिन्यापर्यंत रेंगाळतात, पण थापट्यासारखी पाहुणी बदकं मार्चनंतर परतू लागतात. शिवाय एप्रिल-मेच्या उन्हात बोटीत बसणं म्हणजे शिक्षाच. त्यामुळे जानेवारीतला द्वादशीच्या आसपासचा वीकेंड शोधा.

दुसऱ्या दिवशी तानसा अभयारण्य. जंगलात मात्र सूर्याचंच चालतं. उजाडल्यावरच्या पहिल्या दोन-तीन तासांत पक्षी खातात, बोलतात. ऊन चढलं की सगळं चिडीचूप! गेट कधी उघडतं ते वनखात्याकडे आधीच विचारा, नाहीतर तो सोन्यासारखा वेळ बाहेर चहा पिण्यात जाईल.

आता अपेक्षांचं. १८८४ नंतर ११३ वर्षं कुणालाच न सापडलेला रानपिंगळा १९९७ मध्ये शहाद्याजवळ पुन्हा दिसला आणि २०१४ मध्ये तानसातही त्याची नोंद झाली. हे वाचून बरेच जण फक्त त्याच्यासाठी जातात आणि हिरमुसून येतात. एका सकाळीत तो दिसेल असं धरूच नका. त्याच्या आवाजाचं रेकॉर्डिंग वाजवून त्याला बोलवायचा उद्योग तर अजिबात नको. पक्षी आपली हद्द राखायला धावून येतो आणि त्याची सकाळ वाया जाते. तांबट, कोतवाल, हळद्या हे दिसण्याची शक्यता चांगली. खाडीवर फ्लेमिंगोंच्या सोबतीला लाल काटकुळ्या पायांचा शेकाट्या आणि शेपूट हलवणारा धोबी. नवख्या डोळ्यांना दोन दिवसांत तीसेक जाती नीट ओळखता आल्या, तरी वहीची पानं भरतात.