चॅलेंजरच्या रबरी कड्या आणि शक्यतेचे गणित

२८ जानेवारी १९८६ रोजी चॅलेंजर यान नष्ट झाले. त्याआधीच्या २३ उड्डाणांच्या नोंदी हाताशी होत्या: हवा किती गार होती आणि बूस्टरच्या रबरी कड्यांना इजा झाली का. या नोंदींवर लॉजिस्टिक रिग्रेशन चालवले की साधारण असे सूत्र मिळते, तापमान T फॅरनहाइटमध्ये:

z = 15.04 − 0.232T

हा z उणेही होतो, शक्यता मात्र ० ते १ मध्येच हवी. म्हणून z हा इजा होण्याच्या आणि न होण्याच्या शक्यतांच्या गुणोत्तराचा लॉगरिदम मानतात. त्यावरून शक्यता p = 1/(1 + e^(−z)). तापमान ७५ असेल तर z सुमारे −२.४ आणि शक्यता ०.०९.

पण ७५ अंशांच्या एका उड्डाणात इजा झालीच होती! क्रॉस-एन्ट्रॉपी अशा वेळी −ln(0.09), म्हणजे सुमारे २.४ इतका दंड लावते. इजा नसती तर तो ०.१ च्या आत राहिला असता. z ला दुरुस्त करणारा जोर p − y इतकाच असतो. इजा झाली तर y म्हणजे १. चूक मोठी, तर जोरही मोठा. चुकीचा वर्ग घेतला, तर हाच जोर p(1−p) नेही गुणला जातो आणि ठाम चुकीच्या वेळीच जवळपास विझतो. माझ्या मते क्रॉस-एन्ट्रॉपी निवडण्याचे खरे कारण हेच.

३१ अंशांना सूत्र ०.९९९ हून जास्त शक्यता सांगते. मात्र नोंदींतले सर्वांत कमी तापमान ५३ होते, त्यामुळे दिशेवर विश्वास ठेवावा, दशांशांवर नव्हे.