आजाराचं नाव कळण्याआधी

मे २०१८ च्या सुरुवातीला केरळच्या कोळिकोड जिल्ह्यात, पेरांब्राच्या तालुका रुग्णालयात एक तरुण तापाने दाखल झाला. तिथून त्याला कोळिकोडच्या मेडिकल कॉलेजात हलवलं आणि ५ मे रोजी तो दगावला. मेंदूज्वराचे रुग्ण आपल्याकडे येतच असतात, त्यामुळे कुणाला वेगळी शंका आली नाही. पुढे १७ मेच्या सुमारास त्याचा भाऊ तशीच लक्षणं घेऊन शहरातल्या एका खासगी रुग्णालयात आला. एकाच घरातला हा दुसरा रुग्ण असल्याचं तिथल्या डॉक्टरांच्या लक्षात आलं. नमुने आधी मणिपालच्या प्रयोगशाळेत आणि मग पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेत गेले. आजार निपाह निघाला.

त्या साथीत एकूण २३ रुग्णांची नोंद झाली आणि त्यातले फक्त दोघं वाचले. पहिला रुग्ण सोडला तर बाकी सगळ्यांना लागण रुग्णालयांतच झाली होती. पेरांब्राला त्या पहिल्या रुग्णाची शुश्रूषा करणाऱ्या परिचारिका लिनी पुदुश्शेरी २१ मे रोजी गेल्या. त्या ड्युटीवर असताना केसपेपरवर निपाहचं नाव कुठेच नव्हतं.

भारतीय परिचर्या परिषदेच्या २०२१ च्या नव्या बी.एस्सी. नर्सिंग अभ्यासक्रमात सूक्ष्मजीवशास्त्र आणि संसर्ग नियंत्रण हा विषय तिसऱ्या सत्रात येतो. त्यातली प्रमाण खबरदारी, विलगीकरण आणि साथीची खबर ही तीन प्रकरणं वेगवेगळी पाठ केली की कोरडी वाटतात. कोळिकोडची हकिगत समोर ठेवली की कळतं, हा एकच क्रम आहे: आजाराचं नाव माहीत नसताना काय करायचं, संशय आल्यावर काय करायचं आणि कुणाला कळवायचं.

प्रमाण खबरदारी म्हणजे समोरचा प्रत्येक रुग्ण संसर्गजन्य असू शकतो, असं धरून चालणं. १९८० च्या दशकात एड्सच्या धास्तीने सुरुवातीचे नियम रक्ताभोवती रचले गेले. १९९६ मध्ये अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने ते व्यापक केले. रक्त, लाळ, उलटी, लघवी, शौच, जखमेतला स्राव, म्हणजे घाम सोडून शरीरातलं जे काही ओलं आहे ते सगळं त्यात आलं. त्यामुळे ग्लोव्हज घालायचे की नाही, हे निदानावर ठरत नाही, हातातल्या कामावर ठरतं. नाडी बघताना ते लागत नाहीत. सक्शन करताना ग्लोव्हज, मास्क, चष्मा आणि अंगावर उडण्याची शक्यता असेल तर गाऊनही लागतो, मग रुग्ण साध्या तापाचा का असेना.

विद्यार्थिनी चुकतात त्या बहुधा हे सगळं उतरवताना. कामानंतर सर्वांत घाण असतात ते ग्लोव्हज, म्हणून ते आधी निघतात. एका हाताने दुसऱ्या हातमोज्याची मनगटाजवळची कड बाहेरून धरायची आणि तो उलटा करत काढायचा. काढलेला गोळा ग्लोव्ह असलेल्याच मुठीत ठेवायचा. मग उघड्या हाताचं बोट दुसऱ्या हातमोज्याच्या आत, कातडीच्या बाजूने सरकवायचं आणि तोही उलटा काढायचा, म्हणजे पहिला त्याच्या पोटात जातो. त्यानंतर चष्मा, मग गाऊन आणि रुग्णाच्या खोलीबाहेर आल्यावर शेवटी मास्क. मास्क पुढून धरायचा नाही, दोऱ्यांनी काढायचा. शेवटी हात धुवायचेच, आणि मधे हाताला काही लागलं तर लगेच तिथेच. साबणपाण्याने ४० ते ६० सेकंद, अल्कोहोलच्या हँडरबने २० ते ३०. ग्लोव्हजना दिसू नये इतकं बारीक छिद्र असू शकतं, आणि काढताना हात माखतोच. ‘ग्लोव्हज होते ना’ म्हणून हात न धुणं ही वॉर्डातली नेहमीची चूक.

पण सिस्टरने सगळं नीट केलं तरी आपल्या वॉर्डातली एक अडचण उरते. खाटेशी बसलेला नातेवाईक. तोच रुग्णाचं तोंड पुसतो, त्याला उठवून बसवतो, स्ट्रेचरबरोबर धावतो. कोळिकोडच्या रुग्णांत नातेवाईक आणि शेजारच्या रुग्णांपाशी थांबलेली माणसंही होती. मेडिकल कॉलेजच्या क्ष-किरण विभागाबाहेरच्या गर्दीच्या मार्गिकेत तो पहिला रुग्ण खोकत होता आणि तिथे असलेल्यांपैकी अनेकांना लागण झाली. म्हणून प्रमाण खबरदारीत खोकणाऱ्यालाच मास्क देण्याचा नियम आहे. मार्गिकेतल्या सगळ्यांना मास्क लावणं शक्य नसतं, खोकणाऱ्या एकाला लावणं शक्य असतं.

संशय आला की विलगीकरण सुरू होतं, आणि ते प्रमाण खबरदारीच्या जागी येत नाही, तिच्यावर चढतं. त्याच्या तीन तऱ्हा आहेत. स्पर्शाने पसरणाऱ्या आजारात गाऊन, ग्लोव्हज आणि त्या रुग्णापुरता वेगळा थर्मामीटर, बीपीचा पट्टा. थेंबांनी पसरणाऱ्यात जवळ जाताना सर्जिकल मास्क. गोवर, कांजिण्या, फुप्फुसाचा क्षय यांसारख्या हवेतून पसरणाऱ्या आजारांत एन-९५ आणि दार बंद ठेवलेली, हवा बाहेर फेकणारी खोली. तशी खोली नसेल तर निदान बाहेरच्या बाजूच्या खिडक्या उघड्या आणि वॉर्डाकडचं दार बंद.

निपाहला पहिल्या दोन्ही तऱ्हा लागतात. सक्शन किंवा श्वासनलिकेत नळी घालण्यासारखं काम असेल तर तिसरीही, कारण त्यात बारीक कण हवेत उडतात. स्वतंत्र खोली नसली म्हणून काम अडत नाही. खाट कोपऱ्यात न्यायची, शेजारच्या खाटेपासून किमान एक मीटर अंतर ठेवायचं, एकच ठरलेला नातेवाईक राहू द्यायचा आणि दारावर पाटी लावायची. पाटीवर आजाराचं नाव नको, आत येताना काय घालायचं ते हवं.

राहिली खबर. इथे विद्यार्थिनींचा समज असतो की अहवाल आल्यावर कळवायचं. देशात २००४ पासून चालणाऱ्या एकात्मिक रोग सर्वेक्षण कार्यक्रमाची रचनाच वेगळी आहे. आरोग्यसेविकेने लक्षणांवरून भरायचा एस फॉर्म, डॉक्टरांनी संशयित निदानावरून भरायचा पी आणि प्रयोगशाळेने भरायचा एल. तीनपैकी दोन फॉर्म अहवालाच्या आधीचे आहेत. वॉर्डातली सिस्टर इनचार्जला आणि रुग्णालयाच्या इन्फेक्शन कंट्रोल नर्सला सांगते, तिथून गोष्ट जिल्हा सर्वेक्षण अधिकाऱ्याकडे जाते.

सांगताना हातात यादी हवी: नाव, वय, गाव, लक्षणं सुरू झाल्याची तारीख, वॉर्ड आणि खाट, आणि त्याआधीच्या दोन-तीन आठवड्यांत कुठे गेला होता, कुणाजवळ होता. शेवटचा रकाना बहुतेक वेळा कोराच राहतो. कोळिकोडला रुग्ण आजारी पडायला लागण झाल्यापासून साधारण साडेनऊ दिवस लागले. मेच्या मध्यावर आजारी पडलेल्यांच्या तारखांतून तेवढे दिवस मागे गेलं की ४-५ मे येतो. त्या दिवशी कोण कुठे होतं हे रकान्यात लिहिलं की वेगवेगळ्या गावांची, एकमेकांना न ओळखणारी माणसं एकाच मार्गिकेत सापडतात. ही जोडणी प्रयोगशाळा करू शकत नाही, तिच्यासमोर नुसत्या नळ्या असतात.

पुढच्याच वर्षी, जून २०१९ मध्ये, एर्नाकुलमला एका विद्यार्थ्याला निपाह झाला. या वेळी संशय लवकर आला, तो वेगळा ठेवला गेला आणि त्याच्या संपर्कातल्या तीनशेहून अधिक लोकांवर लक्ष ठेवलं गेलं. कुणालाही लागण झाली नाही आणि तो विद्यार्थीही बरा झाला. निपाहवर खात्रीचं औषध किंवा लस तेव्हाही नव्हती. वर्षभरात बदलला होता तो संशय घेण्याचा वेग. ‘एकाच घरातले दोघं’, ‘एकाच वॉर्डातले तिघं’ हे वाक्य राउंडच्या वेळी पहिल्यांदा उच्चारण्याची संधी बहुतेकदा त्या खाटांपाशी दिवसभर असणाऱ्या सिस्टरलाच मिळते. त्यासाठी तिला अहवालाची वाट बघावी लागत नाही.