माहितीपत्रकातील तीन आकडे काय सांगतात?

जबलपूरच्या वाहन निर्माणीत १९६९ पासून सैन्यासाठी वाहने बांधली जात आहेत. निसानच्या पेट्रोल या जपानी गाडीवर आधारलेली जोंगा याच कारखान्यात तयार होत असे. जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरिज असेंब्ली या शब्दांच्या आद्याक्षरांतून तिचे नाव आले. १९९९ मध्ये तिचे उत्पादन थांबले. उंच बांधणीची गाडी कोठेही जाऊ शकते, हा समज मात्र कायम राहिला. त्यामुळे आजही अनेक ग्राहक माहितीपत्रकात प्रथम ग्राउंड क्लिअरन्सचा आकडा पाहतात आणि पुष्कळदा तेथेच थांबतात. प्रत्यक्षात हा आकडा व्हीलबेस आणि टर्निंग रेडियस यांच्यासोबत वाचला, तरच त्याचा अर्थ कळतो.

ग्राउंड क्लिअरन्स म्हणजे सपाट जमीन आणि गाडीचा सर्वांत खालचा भाग यांमधील अंतर. व्हीलबेस म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्यबिंदूंमधील अंतर. टर्निंग रेडियस म्हणजे स्टिअरिंग पूर्ण फिरवून वळताना पुढचे बाहेरचे चाक जे वर्तुळ आखते, त्याची त्रिज्या.

या तिन्हींचा परस्परसंबंध सुझुकीच्या जिम्नी या गाडीत स्पष्ट दिसतो. तिचे तीन दरवाजांचे रूप २०१८ मध्ये जपानमध्ये आले. पाच दरवाजांचे रूप २०२३ मध्ये भारतात विक्रीस आले. दोन्हींचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर आहे. व्हीलबेस मात्र पहिल्याचा २२५० आणि दुसऱ्याचा २५९० मिलिमीटर आहे.

उंची तीच, क्षमता निराळी

गाडी उंचवट्याच्या माथ्यावर असते, तेव्हा पुढची चाके उतारावर आणि मागची चढावर असतात. माथा दोन्ही चाकांच्या मध्ये येतो आणि गाडीचे पोट त्याला टेकण्याची शक्यता निर्माण होते. चढ आणि उतार यांच्या दिशांमध्ये जास्तीत जास्त किती अंशांचा फरक गाडी पोट न टेकता ओलांडू शकते, हे ब्रेकओव्हर कोन सांगतो. तीन दरवाजांच्या जिम्नीचा हा कोन २८ अंश, तर पाच दरवाजांच्या जिम्नीचा २४ अंश आहे. चाकांमधील अंतर वाढले, म्हणून उंची तीच राहूनही क्षमता घटली.

वळणाचेही तसेच आहे. पहिल्या गाडीचा टर्निंग रेडियस ४.९ मीटर, तर दुसरीचा ५.७ मीटर आहे. व्हीलबेस सुमारे १५ टक्के वाढला आणि त्रिज्या सुमारे १६ टक्के वाढली. पुढची चाके दोन्ही गाड्यांत जवळजवळ सारख्याच कोनात वळतात, असा याचा अर्थ. एका दमात परत फिरण्यासाठी पहिलीला ९.८ मीटर, तर दुसरीला ११.४ मीटर रुंद रस्ता लागतो. शिवाय गाडीचा पुढचा कोपरा चाकाच्याही बाहेर असतो. म्हणून गल्लीत भिंत असेल, तर याहून थोडी अधिक जागा गृहीत धरावी लागते.

त्याच्या बदल्यात लांब व्हीलबेस मागच्या आसनावर पाय ठेवण्यास जागा देतो आणि खडबडीत रस्त्यावर गाडीचे हेलकावे कमी करतो.

गतिरोधकाचा हिशेब

इंडियन रोड्स काँग्रेसच्या प्रचलित आराखड्यानुसार गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो व त्याच्या वक्राची त्रिज्या १७ मीटर असते. २५९० मिलिमीटर व्हीलबेसची गाडी त्यावर मध्यभागी आली, तर चाकांना जोडणाऱ्या रेषेच्या वर माथा केवळ ४९ मिलिमीटर येतो. १६० मिलिमीटर क्लिअरन्सची साधी मोटारही तो सहज ओलांडते. पोट घासत असेल, तर बहुधा गतिरोधक अरुंद व प्रमाणाबाहेर उंच असतो किंवा गाडी भाराने खाली बसलेली असते.

भार पडल्यावर

भाराचा परिणाम सर्व गाड्यांवर सारखा होत नाही. बहुतेक मोटारींत सर्वांत खालचा भाग सांगाड्याला जोडलेला असतो. पाच माणसे आणि सामान चढले की स्प्रिंग दबतात आणि तो भाग जमिनीजवळ येतो. जिम्नीसारख्या अखंड अॅक्सलच्या गाडीत सर्वांत खाली डिफरन्शियलचे कवच असते. ते चाकांबरोबर वरखाली होते, त्यामुळे भार वाढला तरी त्याची उंची जवळजवळ तीच राहते. पोट मात्र खाली येतेच आणि ब्रेकओव्हर कोन कमी होतो.

म्हणून दोन गाड्यांची तुलना करताना क्लिअरन्सचा आकडा रिकाम्या गाडीचा आहे की भरलेल्या, हे आधी पाहावे. माहितीपत्रकात तसा उल्लेख नसेल, तर विक्रेत्याकडून तो विचारून घ्यावा. काही मिलिमीटरच्या फरकापेक्षा ही एक नोंद अधिक महत्त्वाची ठरते.