वडिलांनी फ्लॅट कितीला घेतला होता, कुणाला ठाऊक?

डोंबिवलीतला ७५० चौरस फुटांचा एक फ्लॅट. वडिलांनी १९८४ मध्ये घेतलेला. ते २०१९ मध्ये गेले आणि फ्लॅट मुलगा आणि मुलगी यांच्या नावावर निम्मा-निम्मा झाला. डिसेंबर २०२५ मध्ये दोघांनी तो ६० लाखांना विकला. दलाली ६० हजार गेली, हाती आले ५९ लाख ४० हजार. आता नफा काढायचा तर मूळ किंमत हवी, आणि बिल्डरबरोबरचा करार काही घरात सापडत नाही. उदाहरण काल्पनिक आहे, पण अडचण घरोघरची आहे.

अशा वेळी लोक दोन चुका करतात. कुणी खरेदी किंमत शून्य धरून सगळ्या रकमेवर कर भरतो. कुणी वडील गेले त्या दिवशीचा बाजारभाव खरेदी किंमत म्हणून लावतो. कायद्याला दोन्ही मान्य नाही. वारशाने घर मिळते तेव्हा कर लागत नाही, पण विकताना मूळ मालकाची खरेदी किंमत हीच तुमची खरेदी किंमत ठरते. वडिलांनाही घर आजोबांकडून मिळाले असेल, तर ज्याने ते पैसे मोजून घेतले त्याच्यापर्यंत मागे जावे लागते.

मात्र घर १ एप्रिल २००१ पूर्वीचे असेल, तर मूळ किमतीऐवजी त्या दिवशीचा वाजवी बाजारभाव धरायची मुभा आहे. म्हणजे १९८४ मध्ये वडिलांनी किती मोजले हे कळले नाही तरी बिघडत नाही. सिद्ध करायची असते ती तारीख. सोसायटीचे भागपत्र, जुन्या देखभाल पावत्या, महापालिकेच्या मालमत्ता कराची बिले यांतून घर २००१ पूर्वी ताब्यात होते हे दाखवता येते. हे कागद सहसा माळ्यावरच्या ट्रंकेत सापडतात.

बाजारभाव ठरवून घ्यायचा तो सरकारमान्य मूल्यांककाकडून. समजा, त्याने २००१ चा भाव साडेदहा लाख काढला. पण त्या वर्षीच्या रेडी रेकनरने, म्हणजे मुद्रांक शुल्काच्या दराने, फ्लॅटची किंमत नऊ लाखच येते. मग नऊ लाखच धरावे लागतात. रेडी रेकनरचे मूल्य उपलब्ध असेल तर बाजारभाव त्याच्या वर नेता येत नाही. अर्थसंकल्पातून २०२० मध्ये ही मर्यादा आली, आणि जुन्या सवयीने फुगवलेले अहवाल तेव्हापासून कुचकामी झाले. अहवालात २००१ च्या रेडी रेकनरचा दर स्पष्ट लिहिलेला आहे का, हे आधी तपासावे.

आता कर. २३ जुलै २०२४ पासून सरळ दर साडेबारा टक्के आहे, महागाईची वजावट नाही. ५९.४० लाखांतून नऊ लाख वजा जाता नफा ५०.४० लाख, कर ६ लाख ३० हजार. पण घर त्या तारखेपूर्वीचे असेल तर भारतात राहणाऱ्या व्यक्तीला जुन्या पद्धतीनेही हिशेब करून कमी पडेल तेवढाच कर भरता येतो. महागाई निर्देशांक २००१-०२ साठी १०० आणि २०२५-२६ साठी ३७६ आहे. नऊ लाखांचे ३३ लाख ८४ हजार होतात, नफा २५ लाख ५६ हजार उरतो आणि २० टक्क्यांनी कर ५ लाख ११ हजार २०० येतो. दोन्ही आकड्यांवर चार टक्के उपकर वेगळा. २०२५-२६ च्या निर्देशांकाने, विक्री २००१ च्या भावाच्या सुमारे ८.४ पटींपेक्षा कमी असेल तर जुनी पद्धत स्वस्त पडते, त्याहून जास्त असेल तर साडेबारा टक्के.

निर्देशांक वडील गेले त्या वर्षापासून का नाही? आयकर खात्याचे म्हणणे एके काळी तेच होते. भेट मिळालेल्या फ्लॅटच्या मंजुळा शाह प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाने २०११ मध्ये ते फेटाळले आणि मूळ मालकाकडे घर असल्याचा काळही धरला.

समजा, बहीण न्यू जर्सीत स्थायिक आहे. अनिवासी असल्यामुळे तिला जुन्या पद्धतीचा पर्याय नाही. तिच्या निम्म्या वाट्यावर ३ लाख १५ हजार कर येतो, भावाच्या तेवढ्याच वाट्यावर २ लाख ५५ हजार ६००. शिवाय तिच्या वाट्यावर खरेदीदाराला अनिवासींसाठीच्या नियमाने टीडीएस कापावा लागतो. म्हणून कमी कपातीचा दाखला तिने व्यवहाराआधीच मागून ठेवावा.

घर २००१ नंतर घेतलेले असेल तर मात्र ही मुभा नाही. तेव्हा खरी किंमत शोधावीच लागते: दुय्यम निबंधकाकडची इंडेक्स टू, गृहकर्जाच्या बँकेची फाइल, सोसायटीच्या कपाटातली करारप्रत. नोंदणीकृत कराराची प्रत बहुधा मिळतेच. प्रयत्न करूनही किंमत कळत नसेल, तरच मूळ मालकाने घर घेतले त्या दिवशीचा बाजारभाव लावता येतो.

आणि विक्रीचा आकडा कमी दाखवण्याच्या फंदात पडू नका. आजच्या रेडी रेकनरची किंमत करारापेक्षा दहा टक्क्यांहून जास्त असेल, तर कर त्या किमतीवरच लागतो. मूल्यांकन अहवाल विक्रीचा करार होण्याआधी हातात असू द्या, म्हणजे कर किती पडणार हे भाव ठरवतानाच कळेल.