दोन चक्रांमधली फट

नुकत्याच जन्मलेल्या बाळाचे तळहात-तळपाय निळसर दिसले तर अनुभवी नर्स घाबरत नाही. पहिल्या दिवशी ते चालतंच. ती बाळाचं तोंड उघडून जीभ बघते. जीभ आणि हिरड्या गुलाबी असतील तर हातापायांची निळाई थंडीने आलेली असते. जीभच निळी असेल तर मात्र हृदयातून शरीराकडे निघणाऱ्या रक्तातच ऑक्सिजन कमी आहे. सावळ्या बाळाच्या कातडीवर हा रंग चटकन कळत नाही, म्हणून जिभेवर भरवसा ठेवायचा.

समजा, तालुक्याच्या रुग्णालयात २.९ किलोचा मुलगा जन्मला. रडला, दूध ओढलं, सगळे निर्धास्त. अठराव्या तासाला आजीला त्याचे ओठ जांभळे वाटतात. बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ६२ दाखवतं. निरोगी बाळाचा आकडा ९५च्या वर असायला हवा. ऑक्सिजन लावला तर ६५. श्वास थोडा जलद आहे, पण बाळ धापा टाकत नाही. फुप्फुसांत घरघर नाही, स्टेथोस्कोपला वेगळा आवाजही नाही. ऑक्सिजन देऊनही आकडा जागचा हलत नाही, हीच इथली मोठी खूण. फुप्फुसाचा आजार असता तर आकडा बऱ्यापैकी वर सरकला असता. इथे फुप्फुसं चोख काम करताहेत, पण त्यांनी शुद्ध केलेलं रक्त शरीरापर्यंत पोचतच नाही.

इकोकार्डिओग्राफी केल्यावर कारण दिसतं. हृदयाच्या उजव्या खालच्या कप्प्यातून फुप्फुसाकडे जाणारी धमनी निघायला हवी आणि डाव्यातून शरीराला रक्त पुरवणारी महाधमनी. या बाळात दोघींच्या जागांची अदलाबदल झाली आहे. या दोषाला डॉक्टर ‘ट्रान्सपोझिशन ऑफ द ग्रेट आर्टरीज’ म्हणतात. जन्मणाऱ्या सुमारे तीन-चार हजार बाळांमागे एकाला तो असतो, आणि मुलींपेक्षा मुलांमध्ये जास्त आढळतो.

एरवी रक्ताचा प्रवास एकामागून एक होतो: शरीर, उजवं हृदय, फुप्फुस, डावं हृदय, पुन्हा शरीर. इथे त्याची दोन सुटी चक्रं झाली. शरीरातून आलेलं अशुद्ध रक्त उजव्या हृदयातून तसंच पुन्हा शरीरात जातं. फुप्फुसातून आलेलं शुद्ध रक्त डाव्या हृदयातून परत फुप्फुसातच. शेजारशेजारच्या दोन घाण्यांना जुंपलेल्या बैलांसारखं दोघंही फिरत राहतात आणि एकमेकांच्या वाटेवर येत नाहीत.

गर्भात याने काही बिघडत नाही, कारण तिथे ऑक्सिजन वारेतून येतो आणि फुप्फुसांना काम नसतं. शिवाय गर्भाच्या हृदयात दोन वाटा उघड्या असतात. वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यात एक झडपेसारखी फट असते, आणि महाधमनी व फुप्फुसधमनी यांना जोडणारी एक छोटी नळी. जन्मानंतर या वाटा बंद व्हायला लागतात. नळी तर बहुतेक एक-दोन दिवसांतच आकसते. निरोगी बाळात हे व्हायलाच हवं. या बाळाचा जीव मात्र त्या वाटांवरच टांगलेला असतो. त्यांतून जेवढं रक्त मिसळेल तेवढाच ऑक्सिजन शरीराला मिळणार. म्हणून अठराव्या तासापर्यंत बाळ बरं दिसत होतं.

मिसळण्याचं गणित मजेशीर आहे. एका चक्रातून जेवढं रक्त दुसऱ्यात गेलं तेवढंच परत यावं लागतं, नाहीतर एक बाजू फुगेल आणि दुसरी रिकामी होईल. नळी उघडी असली की महाधमनीतलं रक्त फुप्फुसाकडे जातं, पण परत कुठून येणार? ते फुप्फुसातून डाव्या वरच्या कप्प्यात जमतं आणि पडद्यातल्या फटीतूनच उजवीकडे उतरू शकतं. फट अरुंद असेल तर नळी उघडी ठेवूनही फारसा उपयोग होत नाही. जन्मतः हृदयाला छिद्र आहे म्हटलं की घरातल्यांचं काळीज धडधडतं. इथे डॉक्टरांना ते छिद्र मोठं हवं असतं.

म्हणून पहिलं औषध प्रोस्टाग्लँडिन. ते शिरेतून सतत थेंबाथेंबाने देतात आणि त्याने नळी उघडी राहते. त्याने काही बाळांचा श्वास मध्येच थांबतो, म्हणून दुसऱ्या शहरात हलवताना सोबत श्वास देऊ शकणारं माणूस लागतं. मोठ्या रुग्णालयात पोचल्यावर पुढची पायरी येते. फिलाडेल्फियाच्या विल्यम रॅशकिंड यांनी १९६६ साली ही युक्ती मांडली. मांडीच्या किंवा नाळेच्या शिरेतून बारीक नळी हृदयात नेतात, फटीतून पलीकडे सरकवतात, टोकाचा फुगा काही मिलिलिटर द्रवाने भरतात आणि एक झटका देऊन मागे ओढतात. पडदा फाटतो. आपल्या बाळाचा आकडा काही मिनिटांत ६२ वरून ८० वर जातो. ९५ होणार नाही, पण तेवढ्यावर त्याचे अवयव तग धरतात.

एकेकाळी काहीच करता येत नव्हतं, तेव्हा अशी निम्मी बाळं महिन्याच्या आत जात आणि वर्षभरात दहातली नऊ. पुढे सेनिंग आणि मस्टर्ड या शल्यविशारदांनी वरच्या कप्प्यांत आडपडदे शिवून रक्ताचे प्रवाह आतल्या आत वळवले. मुलं गुलाबी झाली, मोठी झाली. पण शरीराला रक्त ढकलण्याचं काम उजव्या कप्प्याकडेच राहिलं, आणि तो त्यासाठी घडलेला नाही. वीस-तीस वर्षांत अनेकांचा तो कप्पा थकला.

धमन्याच अदलाबदल करणं हा सरळ उपाय. अडचण होती हृदयाच्या स्वतःच्या रक्तवाहिन्यांची, म्हणजे कोरोनरींची. त्या महाधमनीच्या बुडातून निघतात आणि नवजात बाळात जेमतेम एक-दीड मिलिमीटर जाडीच्या असतात. त्या नव्या जागी नेल्या नाहीत तर हृदयालाच रक्त मिळणार नाही. ब्राझीलमध्ये साओ पाउलोच्या अदिब जातेने यांनी १९७५ मध्ये हे प्रथम यशस्वी केलं.

शस्त्रक्रियेत हृदय-फुप्फुस यंत्र जोडून हृदय थांबवतात. दोन्ही धमन्या झडपांच्या वर कापतात. कोरोनरी थेट कापत नाहीत. तिच्या तोंडाभोवतीच्या भिंतीची बटणाएवढी चकती सोबत काढून शेजारच्या बुडात शिवतात. पीळ पडला किंवा ताण आला तर हृदय सुरू करताच तो भाग काळपट पडतो आणि ईसीजी बिघडतो. मग टाके उसवून पुन्हा बसवावं लागतं. चकत्या काढलेल्या जागी हृदयावरच्या आवरणाचा तुकडा लावतात, फुप्फुसधमनी महाधमनीच्या पुढे आणून जोडतात, पडद्यातलं छिद्र आणि ती नळी बंद करतात. झडपा मात्र जागच्या जागीच राहतात; जन्मभर फुप्फुसाची म्हणून घडलेली झडप आता महाधमनीची होते.

हे सगळं साधारण पहिल्या दोन-तीन आठवड्यांत का उरकायचं? जन्मानंतर फुप्फुसातला दाब उतरत जातो. चुकीने फुप्फुसाला जोडलेल्या डाव्या कप्प्याला हलकं काम मिळतं आणि त्याचा स्नायू पातळ पडतो. दीड-दोन महिन्यांनी त्याच्यावर अचानक सगळ्या शरीराचा भार टाकला तर तो कोलमडू शकतो. अशा वेळी आधी फुप्फुसधमनीभोवती पट्टी आवळून कप्प्याची ताकद वाढवावी लागते, नाहीतर शस्त्रक्रियेनंतर काही दिवस यंत्राचा आधार द्यावा लागतो. खालच्या कप्प्यांमध्ये मोठं छिद्र असलेल्या बाळांत दोन्ही कप्प्यांतला दाब सारखा राहतो, म्हणून डावा कप्पा मजबूत राहतो. जातेने यांचं सुरुवातीचं यश अशाच बाळात मिळालं होतं. पण तिथे फुप्फुसांच्या रक्तवाहिन्या खराब व्हायला लागतात, त्यामुळे वाट पाहायला तिथेही मुभा नसते.

गाठ वेळेशी असल्याने घरी सोडण्यापूर्वी, चोवीस तासांच्या सुमारास, उजव्या हाताला आणि एका पायाला ऑक्सिमीटर लावून पाहणं फार उपयोगी पडतं. दोन मिनिटांचं काम आहे, सुईसुद्धा टोचावी लागत नाही. शासनाच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मजात हृदयदोषांचा समावेश आहे, त्यामुळे निदानानंतर पुढे कुठे जायचं ते जिल्हा रुग्णालयात विचारता येतं.

चांगल्या केंद्रांत शंभरातली पंचाण्णवहून अधिक बाळं या शस्त्रक्रियेतून सुखरूप बाहेर येतात, शाळेत जातात, खेळतात. तपासण्या मात्र सुटत नाहीत. फुप्फुसधमनीच्या फाट्यांना ताण पडून त्या अरुंद होऊ शकतात, महाधमनीचं बूड हळूहळू फुगू शकतं, जागा बदललेली कोरोनरी कधी आक्रसते. म्हणून मूल कितीही ठणठणीत दिसलं तरी दर एक-दोन वर्षांनी इको, आणि खेळताना छातीत दुखलं किंवा चक्कर आली तर त्याच दिवशी डॉक्टर.