नाहीशा झालेल्या वेबपानाचा माग

वेबवरचे एखादे पान काढून टाकले, तरी त्याची प्रत दोन ठिकाणी उरलेली असू शकते: सार्वजनिक संग्रहात किंवा ते पान पूर्वी उघडलेल्या संगणकात. गूगलच्या शोधनिकालांत मिळणारी साठवलेली प्रत हा तिसरा मार्ग होता. तो २०२४ मध्ये बंद झाला.

सार्वजनिक संग्रहांतला सर्वांत मोठा म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेचा ‘वेबॅक मशीन’. संस्थेने १९९६ मध्ये पाने साठवायला सुरुवात केली आणि २००१ मध्ये संग्रह सर्वांना खुला केला. येथे शोधाचा मुख्य आधार पानाचा जुना पत्ता असतो. तो आठवत नसेल, तर ब्राउझरचा इतिहास, बुकमार्क, जुने ईमेल किंवा त्या पानाचा दुवा देणारी इतर पाने तपासावीत.

याहूची ‘जिओसिटीज’ ही मोफत संकेतस्थळांची सेवा २६ ऑक्टोबर २००९ रोजी बंद झाली. तिथली पाने तेथील ‘वस्त्यां’नुसार मांडलेली होती, ‘अथेन्स’ ही त्यांपैकी एक. त्या वस्तीतल्या पानाचा पूर्ण पत्ता ठाऊक नसला, तरी शेवटी तारांकन देऊन साठवलेल्या पत्त्यांची यादी मागता येते:

```
web.archive.org/web/*/geocities.com/Athens/*
```

यादीतला पत्ता निवडला की त्याच्या प्रतींच्या तारखा दिसतात. जिओसिटीजच्या बाबतीत सेवा बंद होण्यापूर्वीची तारीख घ्यावी, कारण नंतरच्या नोंदीत मूळ मजकुराऐवजी सेवा बंद झाल्याची सूचना किंवा त्रुटीचा संदेश असू शकतो. दिनदर्शिकेतले रंगही हेच सांगतात: निळे वर्तुळ म्हणजे पान मिळाले होते, हिरवे म्हणजे दुसऱ्या पत्त्याकडे वळवले गेले होते, नारिंगी म्हणजे पान मिळाले नव्हते किंवा प्रवेश नाकारला होता, आणि लाल म्हणजे सर्व्हरची चूक.

उघडलेल्या प्रतीच्या पत्त्यात चौदा अंक असतात. वर्ष, महिना, दिवस, तास, मिनिट आणि सेकंद असा त्यांचा क्रम असून वेळ जागतिक प्रमाणवेळेनुसार असते. मात्र हा क्षण पानाच्या मुख्य मजकुराचा असतो. त्यातली चित्रे वेगळ्या दिवशी साठवलेली असू शकतात. त्यामुळे जुन्या बातमीशेजारी नंतरचे छायाचित्र दिसू शकते. पुरावा म्हणून प्रत वापरताना प्रत्येक घटकाची तारीख स्वतंत्रपणे पाहावी लागते.

लॉगिनमागची पाने आणि शोधचौकटीत शब्द भरल्यावरच तयार होणारे निकाल संग्रहात बहुधा सापडत नाहीत. असे पान अलीकडेच पाहिले असेल, तर ब्राउझरच्या कॅशचा उपयोग होऊ शकतो. फायरफॉक्समध्ये पत्त्याच्या जागी about:cache लिहिल्यावर साठवलेल्या नोंदी पाहता येतात. मात्र ब्राउझर जागा मोकळी करण्यासाठी जुन्या नोंदी पुसतो आणि काही संकेतस्थळे आपली पाने साठवूच देत नाहीत. म्हणून पान नाहीसे झाल्याचे लक्षात येताच ते पुन्हा लोड करू नये, इंटरनेट तोडावे आणि मगच कॅश तपासावी. सापडलेला मजकूर लगेच वेगळ्या फाइलमध्ये उतरवून ठेवावा.