नेट नसलं तरी ठिकाण कळवता येतं

हरिश्चंद्रगडाहून नळीच्या वाटेने उतरताना सोबत्याचा पाय मोडला. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन पाठवावं, तर नुसतं चक्र फिरतंय. अशा वेळी फोन निकामी झाला असं समजू नका. जीपीएसला इंटरनेट लागत नाही. फोन उपग्रहांचे संदेश फक्त ऐकतो आणि स्वतःची जागा काढतो. डेटा असला की हे काम सेकंदांत होतं, नसला की काही मिनिटंही लागतात. तेवढा वेळ मोकळ्या आकाशाखाली थांबावं. कड्याला बिलगून उभं राहिलं, तर संदेश कातळावर आपटून येतात आणि जागा चुकते. नकाशावरच्या निळ्या ठिपक्याभोवतीचं वर्तुळ मोठं असेल, तर अजून थांबा. ठिपका करडा असेल, तर ती जुनी जागा आहे.

गूगल मॅप्समध्ये त्या ठिपक्यावर बोट दाबून धरलं की अक्षांश-रेखांश दिसतात. आयफोनच्या कंपासमध्ये ते खालीच असतात. हे आकडे साध्या एसएमएसने पाठवायचे; इंटरनेट चालत नाही अशा क्षीण रेंजमध्येही तो बऱ्याचदा जातो.

```
Paay modla, chalta yet nahi. 19.38870,73.77910 vel 17:40. 3 jan. Battery 22%
```

हे आकडे नमुन्याचे आहेत. मजकूर रोमन लिपीत ठेवण्यामागे कारण आहे: एका एसएमएसमध्ये रोमन १६० अक्षरं मावतात, देवनागरी फक्त ७०. वेळ लिहावीच, म्हणजे पुढे जागा बदलली तर शोधणाऱ्यांना अंदाज येतो. दशांशानंतर पाच आकडे दिले की जागा मीटरभरापर्यंत नेमकी सांगता येते. तीनच दिले, तर शंभरेक मीटरचा फरक पडू शकतो, आणि सह्याद्रीत तेवढ्यात दुसरी घळ लागते.

सर्वांत घातक चूक लिहिण्यात होते. महाराष्ट्रात पहिला आकडा साधारण १५ ते २२ आणि दुसरा ७२ ते ८१ यांच्या दरम्यान असतो. वरचे आकडे उलटे लिहिले, तर ती जागा नॉर्वेच्या उत्तरेला समुद्रात निघते. फोन अंश-मिनिटं-सेकंद दाखवत असेल, तर चिन्हं गाळू नका. 19°23'20" म्हणजे 19.3889, ते 19.2320 असं लिहिलं, तर शोधपथक सतरा किलोमीटर दक्षिणेला जाईल.

आपल्या कंपनीची रेंजच नसेल, तर एसएमएस जाणार नाही. पण ११२ला केलेला कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरूनही लागू शकतो. म्हणून आधी ११२ लावा आणि हेच आकडे एकेक अंक उच्चारून सांगा. एसएमएस घरच्या दोघातिघांना पाठवा, ‘पाठवला गेला नाही’ अशी खूण दिसते का ते पाहा. दिसली, तर धडधाकट सोबत्याने फोन घेऊन सुरक्षित वाटेने उघड्या धारेवर जावं आणि तिथून पुन्हा पाठवावा; मात्र आकडे जखमी जिथे आहे तिथलेच ठेवावेत.